सोसायटी ग्रुप : आकाशच्या स्कूटरची बॅटरी आणि पार्किंगचा सबमीटर

*रविवार, 13 एप्रिल*

आकाश (बी-304), सकाळी 9:12
नमस्कार सगळ्यांना. काल संध्याकाळी सात रस्त्यापासून घरापर्यंत स्कूटर ढकलत आणली. चिंचोळी एमआयडीसीला जाऊन-येऊन माझे 44 किलोमीटर होतात. सकाळी 100 टक्के चार्ज करून निघालो होतो आणि 41 किलोमीटरला गाडी बंद. घेताना 115 किलोमीटर सांगितलं होतं. शोरूमवाला म्हणतो, "साहेब, तुमच्या चालवण्यावर आहे." 1 लाख 12 हजार घातलेत. मला एक तर नवीन बॅटरी पाहिजे, नाहीतर पैसे परत. कुणाला असा अनुभव आहे का?

श्रीनिवास (ए-201), 9:15
ते 115 म्हणजे उतारावरचे बे 😄

वैशाली वहिनी (सी-102), 9:31
आकाश, माझी तीच गाडी आहे, तेच मॉडेल. मला 80 च्या आसपास मिळतात. 115 कधीच नाही मिळाले, पण 41 म्हणजे फारच कमी.

आकाश, 9:33
वहिनी, माझीही सुरुवातीला 80 जायची. 14 महिने झाले, 11 हजार किलोमीटर. मार्चपासून घसरली. अजून एक बघा, 34 टक्के दाखवत असते आणि पुलावर चढली की एकदम 11. मग दोन किलोमीटरमध्ये खेळ खलास.

बसवराज काका (बी-101), 9:50
आकाश, ही 34 वरून 11 ची गोष्ट तू सगळ्यात शेवटी सांगितलीस. खरं म्हणजे तीच पहिली सांगायची.
आणि दोन भांडणं एकत्र करू नकोस. 115 आणि 80 मधला फरक जाहिरातीचा. ते 115 चाचणी केंद्रात रोलरवर, ठरलेल्या वेगाने गाडी चालवून काढतात. तिथं ना वारा, ना आपले खड्डे, ना मागे बसलेली बायको. माहितीपत्रकात त्या आकड्याच्या डोक्यावर चांदणी असते आणि खाली बारीक अक्षरात हे सगळं लिहिलेलं असतं. त्यावर भांडता येतं, पण वेळ जातो. 80 आणि 41 मधला फरक मात्र बिघाडाचा आहे, आणि तो सिद्ध करता येतो. तू आधी तेवढाच धर.

आकाश, 9:54
सिद्ध कसा करायचा काका? ते प्रत्येक वेळी म्हणतात, तुम्ही स्पोर्ट मोडवर चालवता.

बसवराज काका, 10:08
किलोमीटर मोजू नकोस, युनिट मोज. किलोमीटरवर ते शंभर कारणं सांगतील. मीटरला कारणं चालत नाहीत. माझी 31 वर्षं मीटर टेस्टिंगमध्ये गेली, एवढं मला कळतं 🙂
पार्किंगमधला तुझा सबमीटर आहेच. गाडी पूर्ण संपवायची, अर्धा-पाऊण तास निवू द्यायची, मग मीटरचं रीडिंग घेऊन चार्जिंगला लावायची. 100 टक्के होऊन चार्जर आपोआप थांबेपर्यंत हात लावायचा नाही. परत रीडिंग. कंपनीच्या कागदावर तुझी बॅटरी 2.9 किलोवॅट-तासाची, म्हणजे 2.9 युनिटची आहे. चार्जरमध्ये थोडी वीज उष्णता होऊन जाते, म्हणून चांगल्या बॅटरीला प्लगमधून 3.2 ते 3.4 युनिट लागायला हवीत.
तेवढी लागली आणि गाडी तरीही 41 च गेली, तर वीज बॅटरीत जातेय पण रस्त्यात वाया जातेय. मग ब्रेक चिकटतोय का, टायर, बेअरिंग, ते बघायचं. पण 2 युनिटमध्येच चार्जिंग संपलं, तर बॅटरीत जागाच उरलेली नाही.

शिंदे सर, सचिव, 10:15
सबमीटरचं रजिस्टर माझ्याकडे आहे. प्रत्येकाच्या महिन्याच्या युनिटची नोंद आहे. (काही जणांची बाकी पण आहे.)

बसवराज काका, 10:17
आणि आकाश, आधी हवा तपास. मोकळं चाक हाताने फिरवून बघ, घासतंय का. नाहीतर तिथेच अडवतील तुला.

*रविवार, 20 एप्रिल*

आकाश, सायं. 7:40
काका, झाली टेस्ट. सगळं सविस्तर लिहितो.
मागच्या टायरमध्ये हवा 18 निघाली, पुस्तिकेत 32 आहे. ती चूक माझी, मान्य. हवा भरली. चाकं मोकळी फिरतात, ब्रेक घासत नाही. मग आज सकाळी 6 ला, ऊन चढायच्या आत, इको मोडवर, एकटा, होटगी रोडला चकरा मारल्या. भाऊ मागून बाईकवर. 40 च्या वर वेग नेला नाही. गाडी बंद पडली 46 किलोमीटरला. म्हणजे हवेमुळे 5 वाढले, बस.
सबमीटर : लावताना 4127.30, थांबला तेव्हा 4129.15. म्हणजे 1.85 युनिट. दोन्ही वेळी मीटरचा फोटो काढला आणि शेजारी गाडीचा डिस्प्ले धरला.

वैशाली वहिनी, 7:52
मी पण मोजलं या आठवड्यात. पूर्ण संपवली नाही, भीती वाटते. 100 वरून 40 टक्क्यांवर आणली. 49 किलोमीटर झाले, परत भरायला 1.98 युनिट लागले.

बसवराज काका, 8:20
वैशाली, शाब्बास. आता हे दोन्ही शेजारी ठेवा.
वैशालीची गाडी : 49 किलोमीटरला 1.98, म्हणजे किलोमीटरला साधारण 0.040 युनिट. आकाशची : 46 ला 1.85, तेही 0.040 च. दोन्ही गाड्या एका किलोमीटरला सारखीच वीज खातात. म्हणजे आकाशचं चालवणं, मोटर, चाकं सगळं ठीक. पण वैशालीच्या बॅटरीत हिशेबाने 3.3 युनिट मावतात आणि आकाशच्या 1.85. छप्पन टक्के. "तुमच्या चालवण्यावर आहे" या वाक्याला हा एवढा कागद पुरे.

श्रीनिवास, 8:24
काका काय सांगलालाव! पण 14 महिन्यांत अर्धी बॅटरी जाते कुठं?

बसवराज काका, 8:41
सगळी जात नाही रे. बहुतेक एखादाच गट कमजोर झालेला असतो. बॅटरीत सेलचे गट एकामागे एक जोडलेले असतात. समज, वीस बायका रांगेत उभ्या, प्रत्येकीजवळ एक हंडा, आणि नियम असा की सगळ्यांनी एकाच वेळी सारखंच पाणी ओतायचं. ज्या बाईचा हंडा आधी रिकामा झाला, तिथे सगळ्यांचं काम बंद. बाकीच्या हंड्यांत पाणी असलं तरी उपयोग नाही. आपल्याकडे हंड्याचा हिशोब कुणाला समजावायला नको.
त्या आतल्या मुकादमाला बीएमएस म्हणतात. पुलावर चढताना जोर लागतो, कमजोर गटाचा व्होल्टेज धाडकन खाली येतो आणि मुकादम टक्के कमी करून टाकतो. तीच तुझी 34 वरून 11 ची उडी.

श्रीनिवास, 8:44
अशोक चौकाकडे एक जण बॅटरी खोलून सेल बदलून देतो म्हणे, 9 हजारांत.

बसवराज काका, 8:46
अजिबात नको. सील तुटलं की वॉरंटी संपली. आणि खोललेली लिथियम बॅटरी आपल्या पार्किंगमध्ये, तीस गाड्यांच्या मधोमध? शिंदे सर, हे मिनिट्समध्ये घ्या.

*गुरुवार, 24 एप्रिल*

आकाश, दु. 1:05
सर्व्हिस सेंटरला आहे. जॉब कार्डवर त्यांनी "रेंज कमी, ग्राहकाला समजावले" असं लिहिलंय. आणि सांगतात, कॉम्प्युटरवर बॅटरीचं आरोग्य 84 टक्के दिसतंय, वॉरंटीत 70 च्या खाली गेलं तरच बदलून मिळतं.

शबाना मॅडम, वकील (ए-403), 1:11
त्यावर सही करू नका. तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा : पूर्ण चार्जवर 46 किमी, पूर्ण चार्जला 1.85 युनिट, 34 वरून 11 टक्के उडी, तारखेसह. नाही लिहिलं तर तिथूनच त्यांच्या आणि कंपनीच्या ईमेलवर हेच पाठवा, फोटो जोडून.

बसवराज काका, 1:14
ते 84 हा मुकादमाचा अंदाज आहे, मोजमाप नाही. त्यांना दोन गोष्टी माग : सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी व्होल्टेजच्या सेलमधला फरक, तोही गाडी 20-30 टक्क्यांवर असताना. पूर्ण भरलेल्या बॅटरीत तो फरक लपू शकतो. आणि त्यांच्याच यंत्रावर पूर्ण भरून पूर्ण रिकामी करून किती निघते ते.

आकाश, 1:58
ईमेल केला. ते टाइप करताना बघून माणसाने जॉब कार्ड बदलून दिलं 😀 गाडी ठेवून घेतलीय, तपासणीला.

शबाना मॅडम, 9:20
आता पुढचं सांगून ठेवते, लागलं तर. 1915 वर तक्रार नोंदवा. ती हेल्पलाइन कंपनीला विचारते, आदेश देऊ शकत नाही, पण बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही इथे राहता, म्हणून केस सोलापुरातच चालते, कंपनी कुठलीही असो. विक्रेता आणि कंपनी दोघांनाही पक्ष करायचं, नाहीतर एकमेकांकडे बोट दाखवतात. 5 लाखांच्या आतल्या खरेदीला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही. मुदत 2 वर्षं, कारण घडल्यापासून. आणि आयोग बॅटरी प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, म्हणून ती कुठेही खोलू नका.
पैसे परत मिळण्याबद्दल मात्र स्पष्ट बोलते. आयोगाला तो अधिकार आहे. पण एकदाही दुरुस्तीची संधी न देता मागितले तर बाजू कमजोर पडते. आधी "बॅटरी बदलून द्या, न झाल्यास रक्कम परत" असंच लेखी मागा.

आकाश, 9:26
तसंच मागितलंय मॅडम. 15 दिवसांची मुदत दिली.

*शनिवार, 17 मे*

आकाश, सायं. 6:30
मुदत संपली, काही उत्तर नाही. मग 1915 वर नोंदवलं. सहाव्या दिवशी कंपनीचा फोन. त्यांच्या चाचणीत बॅटरीतून 1.6 किलोवॅट-तास निघाले, 2.9 पैकी. एक गट कमजोर. आज बॅटरी बदलून मिळाली.

बसवराज काका, 6:34
नवीन की दुरुस्त केलेली? नंबर जॉब कार्डवर लिहून घेतलास?

आकाश, 6:41
घेतला. "नवीन" असंही लिहून घेतलं. वॉरंटी मात्र जुन्याचीच उरलेली चालू राहणार, नव्याने 3 वर्षं नाहीत. त्यावर खूप भांडलो, पण अटींत तसंच आहे. आणि स्कूटर 23 दिवस तिथे पडून होती, त्याचे रिक्षाचे पैसे द्यायला तयार नाहीत.

शबाना मॅडम, 6:45
रिक्षाच्या पैशांवरचा हक्क सोडल्याचं कुठे लिहून दिलं नाही ना?

आकाश, 6:46
नाही. "समाधानी आहे" वर सही मागत होते, फक्त "बॅटरी मिळाली" असं लिहून सही केली.

*सोमवार, 19 मे*

आकाश, सकाळी 8:05
पहिली पूर्ण चार्जिंग : 3.27 युनिट. काल 81 किलोमीटर गेली. 115 नाहीच.

श्रीनिवास, 8:07
बाकीचे 34 शोरूममध्येच राहिले बे.

शिंदे सर, सचिव, 8:10
आकाश, एप्रिलचं चार्जिंग बाकी आहे. टेस्टचे 1.85 पण धरलेत.