मागच्या दारालगतची धुण्याची जागा, फरशी आणि फाटक: सल्ला हवा आहे

प्रेषक: मंजिरी

सर्वांना सप्रेम नमस्कार.

आमच्या घराचे नूतनीकरण सुरू होत असून कंत्राटदाराला शुक्रवारपर्यंत अंतिम आराखडा द्यावयाचा आहे. घरात नऊ वर्षांचा, बत्तीस किलो वजनाचा कुत्रा बाळू आहे आणि चिंगी ही मांजर आहे. बाळूचे मागचे पाय अलीकडे कमजोर झाले आहेत. गुळगुळीत फरशीवरून उठताना ते दोन्ही बाजूंना फाकतात, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तो एक पंजा पुढे टाकून मागे घेतो व तिथेच उभा राहतो. मागच्या दारालगत १.८ बाय २.४ मीटरची कपडे धुण्याची खोली आहे. तिथेच त्याला अंघोळ घालता यावी आणि तिथून अंगणात सुरक्षितपणे जाता यावे, अशी आमची इच्छा आहे. फरशी कोणती घ्यावी, पाण्याचा निचरा कसा करावा आणि फाटक कसे असावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

प्रेषक: समीर

मंजिरीताई, फरशीच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. बाजारात फरशीवर R9 पासून R13 पर्यंत आकडे लिहिलेले असतात आणि आकडा जितका मोठा, तितकी घसरण कमी. तेव्हा सरळ R13 घ्यावी. कुत्र्याला धुण्यासाठी कमरेएवढ्या उंचीचे टब बसवावे, म्हणजे आपल्याला वाकावे लागत नाही. आमच्या छोट्या कुत्रीसाठी आम्ही तेच केले असून आम्ही अतिशय समाधानी आहोत.

प्रेषक: अनिरुद्ध

मंजिरीस आशीर्वाद.

फाटकाबद्दल एक सावधगिरीची सूचना करतो. जिन्याच्या माथ्यावर दोन्ही भिंतींवर दाब देऊन अडकवायचे फाटक मुळीच लावू नये. आम्ही नातवंडांसाठी आणि कुत्र्यासाठी तसेच लावले होते. कुत्र्याने एकदा पुढचे दोन्ही पाय टेकवून जोर लावला आणि ते फाटक त्याच्यासह चार पायऱ्या खाली गेले. त्याला इजा झाली नाही, हे नशीब. त्या फाटकाच्या तळाशी आडवी पट्टी असते आणि तिला माणसाचाही पाय अडतो. जिन्यावर स्क्रूने भिंतीत पक्के केलेलेच हवे.

प्रेषक: वसुधा

नमस्कार.

अनिरुद्धकाका, मंजिरीचा प्रश्न अंगणाच्या फाटकाविषयी असावा, परंतु तुमची सूचना योग्यच आहे आणि त्यांच्याकडे जिना असेल तर ती तिथे पाळावी.

समीर, तुमचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. R चा आकडा मिळवताना बूट घातलेला माणूस तेल लावलेल्या उतारावर चालवून चाचणी घेतात. ती कारखान्यासारख्या जागांसाठी आहे. अनवाणी पायांची आणि साबणाच्या पाण्याची चाचणी वेगळी असते आणि तिच्यात अ, ब, क अशा पायऱ्या असतात. R13 चा खरखरीतपणा पंज्यांच्या गादीला घासतो, त्यात केस अडकतात आणि पोछा फिरत नाही. मी धुण्याच्या जागेसाठी R10 किंवा R11 आणि अनवाणी चाचणीत किमान ब असलेली, लहान आकाराची फरशी सुचवेन. लहान फरशांना सांधे जास्त असतात आणि पंजाला सांध्यांची पकड मिळते. सांध्यांत सिमेंटऐवजी एपॉक्सी भरावे, कारण सिमेंट लघवी शोषून घेते आणि तो वास पुढे कितीही धुतला तरी जात नाही. अमोनिया असलेल्या द्रावणाने तर पुसूच नये. त्याच्या वासाने जनावराला ती जागा आपलीच वाटते. घरात मांजर असल्यामुळे फिनॉलयुक्त जंतुनाशकही टाळावे, ते तिच्यासाठी विषारी असते.

उंच टब छोट्या कुत्रीसाठी उत्तम आहे, पण बाळूला त्यात उचलून ठेवायचे तर दोघे लागतील आणि ओल्या टबातून तो उडी मारेल ते वेगळेच. त्याला जमिनीलगतचीच जागा हवी. खोलीच्या मध्यभागी जाळी बसवली तर चारही बाजूंनी उतार द्यावा लागतो आणि त्याचे चार पाय चार वेगवेगळ्या उतारांवर येतात. कमजोर मागच्या पायांना हेच सर्वांत कठीण जाते. त्याऐवजी दूरच्या भिंतीलगत लांबट नाली घेऊन एकाच दिशेने साठास एक उतार द्यावा. धुण्याचा भाग १.२ मीटर खोल धरला, तर दाराकडच्या कडेपासून नालीपर्यंत फक्त दोन सेंटिमीटर उतरतात. धुण्याचे यंत्र मात्र सपाट भागावरच ठेवावे. वॉटरप्रूफिंगचा थर वाळल्यावर नालीचे तोंड बंद करून चोवीस तास पाणी साठवून ठेवावे आणि पलीकडच्या भिंतीवर व खालच्या छतावर ओल दिसते का ते पाहावे. फरशी बसल्यावर ही चाचणी घेऊन उपयोग नाही, कारण तेव्हा दुरुस्ती म्हणजे तोडफोड.

नळ सुमारे ९० सेंटिमीटर उंचीवर आणि उभे राहण्याच्या जागेच्या बाजूला हवा, म्हणजे चालू करताना कुत्र्यावरून हात न्यावा लागत नाही. पाणी कोमट राखणारा मिश्रक नळ आणि दीड मीटरचा हातशॉवर पुरेल. दोरी अडकवण्याची कडी त्याच्या खांद्याच्या उंचीवर घ्यावी आणि दोरी छातीच्या पट्ट्याला लावावी. कडी उंच असेल आणि दोरी गळ्याला असेल, तर पाय घसरताच तो गळ्यावर लटकतो. नाली महिनाभर वापरली नाही तर तिच्या वळणातले पाणी सुकते आणि गटाराचा वास खोलीत येतो. आठवड्याला तांब्याभर पाणी ओतावे.

इतर खोल्यांत लाकडी फरशी हवी असेल, तर बाळूच्या वाटेवर, म्हणजे अंथरूण, पाण्याचे भांडे आणि मागचे दार यांच्यामध्ये, सलग पट्टे अंथरावेत. विनायलची फरशी घेतलीत, तर रबरी पाठीचे पट्टे वापरू नका. त्यांचे पिवळे डाग विनायलमध्ये कायमचे राहतात.

अंगणाला दोन फाटके असावीत आणि त्यांच्यामध्ये किमान दीड मीटर अंतर असावे, म्हणजे पहिले बंद केल्याशिवाय दुसरे उघडावे लागत नाही. दोन्ही आतल्या बाजूला उघडावीत आणि आपोआप मिटणाऱ्या बिजागऱ्यांची असावीत, म्हणजे कुत्र्याने आतून ढकलले तरी ते घट्टच होते. गज उभे असावेत, खालची फट पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. चिंगीला मात्र यातले काहीही अडवणार नाही. मांजरासाठी फाटक म्हणजे शिडीच.

प्रेषक: समीर

वसुधाताई, R चा आकडा बुटांचा आहे, हे मला माहीत नव्हते. पण विनायल हे शेवटी प्लास्टिकच, त्याच्यावर नखांचे ओरखडे येतातच ना?

प्रेषक: मंजिरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काका, जिन्यालाही फाटक लावणार आहोत, तेव्हा तुमची सूचना लागू पडली.

लांबट नाली निश्चित केली आहे. मात्र कंत्राटदाराने आज सांगितले की, या खोलीच्या कोब्यात जमीन गरम करण्याच्या नळ्या आहेत, त्यामुळे तळ खाली नेता येणार नाही. त्याऐवजी दाराकडच्या कडेला चार सेंटिमीटरचा उंबरठा घेऊन उतार वर करण्याची त्याची सूचना आहे. मी संध्याकाळी चार सेंटिमीटर जाडीची फळी दारात ठेवून बाळूला बोलावले. पुढचे पाय त्याने सहज पलीकडे टाकले, मागच्या पायांची नखे मात्र फळीला घासून गेली आणि दुसऱ्या वेळी तो फळीपाशीच बसला. मांजरदाराचाही प्रश्न शिल्लक आहे. मागचे दार दुहेरी टफन्ड काचेचे असल्याने त्यात भोक पाडता येत नाही, आणि नवी काच करून घ्यावी की भिंतीतून मार्ग काढावा, हे ठरलेले नाही. वसुधाताई, उंबरठ्याऐवजी दाराच्या आतल्या बाजूने तितक्याच उंचीचा लांबट चढ घेतला, तर तो किती लांब हवा, हे कृपया कळवावे.