पिन एकदाच टाकला, पण मंजुरी दोन गोष्टींना

«पिन मी एकदाच टाकला, तोही २ रुपयांसाठी. मग महिन्याने ४९९ कसे गेले?»

एकवेळच्या पेमेंटमध्ये पिन त्या एका रकमेपुरता असतो. ऑटोपेमध्ये, म्हणजे ठरावीक दिवसांनी पैसे आपोआप कापले जातात तिथे, तोच पिन मँडेटला, म्हणजे पुढच्या कापण्यांच्या परवानगीला, मंजुरी देतो. पिनच्या आधीच्या स्क्रीनवर २ रुपये ठळक दिसतात, पण खाली कमाल रक्कम, किती दिवसांनी कापायची आणि शेवटची तारीखही असते. तिथे कमाल ५,००० लिहिलं असेल, तर ४९९ तुमच्या मंजुरीतच बसतात. कमाल आकडा बरेचदा मुद्दाम ऐसपैस ठेवलेला असतो, तेव्हा आधी तोच वाचा.

पुढच्या कापणीला १५,००० पर्यंत पिन किंवा ओटीपी लागत नाही. विमा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना ही मर्यादा १ लाख आहे. त्यावरच्या रकमेला दर वेळी तुमची मंजुरी लागते, ती दिली नाही तर हप्ता चुकतो. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. तिच्यात कंपनीचं नाव, रक्कम आणि तारीख असते, आणि ती कापणी तुम्ही थांबवू शकता. पण हा मेसेज जाहिरातींच्या ढिगात सहज हरवतो.

आणि हो, पैसे घेणाऱ्या कंपनीचं ॲप फोनमधून काढून टाकल्याने मँडेट जात नाही. ते यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागातून पिन टाकून रद्द करायचं. कार्डाचं असेल तर कार्ड देणाऱ्या बँकेकडून.