शब्दचर्चा: क्रॉस-रीजन रेप्लिकेशनला ‘बॅकअप’ म्हणावं का?

वैशाली, महाल
नमस्कार. आमच्या पतसंस्थेचं माहिती-सुरक्षा धोरण संचालक मंडळासाठी मराठीत लिहितेय. केवायसीचे स्कॅन, कर्जाच्या फायली, रोजच्या ठेवीच्या पावत्या हे सगळं ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमधल्या एका बकेटमध्ये आहे. आता त्याची प्रत आपोआप हैदराबाद रीजनमधल्या दुसऱ्या बकेटमध्ये जाणार आहे. व्हेंडरने मराठी गोषवाऱ्यात याला ‘बॅकअप’ म्हटलंय. मला ‘प्रतिकृती’ बरा वाटतो, पण संचालकांना बॅकअप लगेच कळतो. काय ठेवू?

ओंकार
‘प्रतिबिंब’ लिहा. इकडे फाइल टाकली की लगेच तिकडे दिसते, इकडे पुसली की तिकडचीही जाते. त्याला बॅकअप म्हणणं चूकच आहे.

जुना_सिस्टीमवाला
बॅकअप नाही, हे ओंकार अगदी बरोबर बोलला. पण ‘लगेच’ खरं नाही. फाइल आधी मुंबईत लिहिली जाते आणि मग मागाहून हैदराबादला जाते. बहुतेक वेळा काही मिनिटांत पोचते, मोठ्या फायलींना कधी तास लागतात. पंधरा मिनिटांची हमी हवी असेल तर तिचे पैसे वेगळे. म्हणजे मुंबई अचानक बंद पडली तर शेवटच्या काही पावत्या हैदराबादला नसणार, आणि हे धोरणात लिहायलाच हवं.

पुसण्याचंही तसं सरळ नाही. दोन्ही बकेटवर व्हर्जनिंग चालू असल्याशिवाय रेप्लिकेशन होतच नाही. त्यामुळे साधं डिलीट केलं की फाइल जात नाही, तिच्यावर ‘पुसली’ अशी एक खूण बसते. ती खूण तिकडे पाठवायची की नाही, हे नियमात आपण ठरवतो. एखादी विशिष्ट आवृत्ती कोणी मुद्दाम कायमची काढून टाकली, तर ते काढणं मात्र पलीकडे जात नाही. त्या बाबतीत प्रतिबिंब हा शब्द खोटा ठरतो.

पण त्याच नावाने नवी फाइल वर लिहिली गेली की ती बिनबोभाट तिकडे जाते, आणि खरा धोका तिथेच आहे. रामदासपेठेतल्या एका निदान केंद्राचं काम मी पाहिलंय. जुन्या रिपोर्टांच्या पीडीएफ लहान करायला कोणीतरी स्क्रिप्ट चालवली. तिने त्याच नावांनी रिकाम्या, शून्य बाइटच्या फायली लिहिल्या. त्या दुसऱ्या रीजनमध्ये व्यवस्थित पोचल्या. स्टेटस सगळीकडे COMPLETED, एकही अलार्म नाही. एका पेशंटने जुना रिपोर्ट मागितला तेव्हा कळलं.

वैशाली, महाल
पण व्हर्जनिंग होतं ना? खालची जुनी आवृत्ती मिळायला हवी होती.

जुना_सिस्टीमवाला
मिळायला हवी होती, आणि थोड्या फायलींची मिळालीही. बाकीच्यांचं काय झालं ते ऐका. जुन्या आवृत्त्यांचंही भाडं लागतं, तेही दोन्हीकडे. बिल कमी करायला त्यांनी ‘जुनी आवृत्ती सात दिवसांनी काढा’ असा लाइफसायकल नियम लावला होता. हा नियम रेप्लिकेशनबरोबर जात नाही, तो कोणीतरी हैदराबादच्या बकेटवर स्वतंत्रपणे लावला होता. स्क्रिप्ट दोन आठवडे थोडी थोडी चालत होती. शेवटच्या सात दिवसांत बिघडलेल्या फायली परत आल्या, आधीच्या दोन्ही रीजनमधून कायमच्या गेल्या. पलीकडची मुदत नव्वद दिवस असती तर सगळं मिळालं असतं.

अंबाझरीवाले_काका
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा आमच्या ऑफिसात तळमजल्यावरच्या सर्व्हरमध्ये पाणी शिरलं. आता सगळं मुंबईच्या बकेटमध्ये टाकून राहिलो. मुलगा म्हणते की हैदराबादही घ्या. घ्यायचं काय बाप्पा? दुप्पट खर्च करून काय मिळणार?

जुना_सिस्टीमवाला
काका, तुमच्या पुरापुरतं मुंबईचं एक बकेट पुरेसं आहे. स्टँडर्ड क्लासमध्ये तुमची फाइल एकाच इमारतीत नसते. एका रीजनमध्येच ती एकमेकांपासून लांब असलेल्या किमान तीन झोनमध्ये ठेवतात. दुसरा रीजन लागतो तो अख्खा मुंबई रीजन बंद पडला तर, किंवा प्रत ठरावीक अंतराहून लांब ठेवा असं नियामकाने सांगितलं तर. तुम्हाला दोन दिवस थांबता येत असेल तर ते पैसे वाचवा आणि जुन्या आवृत्त्या जास्त दिवस ठेवा.

अंजली_भाषांतर
शब्दाबद्दल सांगते. तहसीलमधून आपण सातबाऱ्याची नक्कल काढतो. तिच्यावर तारीख असते, आणि नंतर कितीही फेरफार झाले तरी हातातला कागद बदलत नाही. बॅकअप म्हणजे ती नक्कल. रेप्लिकेशनमध्ये प्रत मूळ फायलीच्या मागे मागे बदलत जाते. म्हणून मी ‘अनुगामी प्रत’ सुचवेन. ‘प्रतिकृती’त मागून येणं दिसत नाही.

ओंकार
अनुगामी फार पुस्तकी आहे, ताई. संचालक मंडळात कोण म्हणणार?

अंजली_भाषांतर
मग ‘मागून जाणारी प्रत’ म्हणा. मला दोन्ही चालतील. एकाच धोरणात ‘बॅकअप’ आणि ‘रेप्लिकेशन’ एकमेकांच्या जागी येऊ नयेत, एवढं मात्र पाळाच.

वैशाली, महाल
‘मागून जाणारी प्रत’ आवडलं. आता खर्चाचं सांगा. व्हेंडर म्हणतो, पलीकडे स्वस्तातला इन्फ्रिक्वेंट ॲक्सेस क्लास लावू, म्हणजे दुप्पट भाडं पडणार नाही. आमच्या पावत्यांचे साधारण तीस लाख स्कॅन आहेत, प्रत्येकी तीसेक केबीचे.

जुना_सिस्टीमवाला
ताई, तुमच्या पावत्यांना तो क्लास महाग पडेल. त्यात 128 केबीपेक्षा लहान फायलीचं भाडं 128 केबीचंच लागतं. तीस लाख गुणिले तीस केबी म्हणजे खरा डेटा 90 जीबी, बिल मात्र 384 जीबीचं. त्या क्लासचा दर स्टँडर्डच्या निम्म्याहून थोडा जास्तच असतो, म्हणजे स्टँडर्डपेक्षा दुपटीहून अधिक भाडं. तिथे प्रत्येक फाइल लिहिण्याचा दरही स्टँडर्डच्या दुप्पट आहे. पावत्यांना पलीकडे स्टँडर्डच ठेवा, किंवा दर महिन्याच्या पावत्या एका झिपमध्ये बांधा. कर्जाच्या मोठ्या पीडीएफना तो क्लास लावायला हरकत नाही.

याशिवाय मुंबईतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जीबीचं वहनशुल्क एकदा लागतं. भाडं दर महिन्याला लागतं, वहन आणि लिहिणं फाइल जाताना. फायली लहान आणि संख्येने जास्त असल्या की लिहिण्याचा खर्च जाणवतो.

वैशाली, महाल
व्हेंडरने नियम कालच चालू केला, म्हणून 2021 ची एक फाइल तपासून पाहिली:

```
aws s3api head-object --bucket kyc-mumbai \
  --key 2021/04/form-118.pdf --query ReplicationStatus
```

उत्तर आलं `null`. कालच्या पावतीला COMPLETED येतंय. पोचायला वेळ लागतोय का?

जुना_सिस्टीमवाला
नाही, थांबून उपयोग नाही. वाट पाहणाऱ्या फायलीला PENDING दिसतं, अडलेलीला FAILED. `null` म्हणजे त्या फायलीला नियम लागूच झालेला नाही. नियम चालू होण्याआधीच्या फायली आपोआप जात नाहीत. त्यांच्यासाठी बॅच रेप्लिकेशनचं काम वेगळं चालवावं लागतं, आणि त्याचा खर्चही वेगळा. कोटेशनमध्ये तो धरलाय का ते विचारा. केएमएस चावीने एनक्रिप्ट केलेल्या फायलींनाही, नियमात तसं सांगितलं नसेल तर, असंच `null` येतं. तेव्हा कालचीच पण केवायसीची एखादी फाइलसुद्धा तपासून बघा.

वैशाली, महाल
केवायसी एनक्रिप्टेड आहे. कालची तपासली, तिलाही `null`.