दिवसभर कडक डाएट, रात्री डबेच्या डबे रिकामे: मन कमकुवत की आजार?

नीता_पाथर्डीफाटा
वय ३१, अंबडला नोकरी. सव्वा वर्षापूर्वी साखर बंद केली, मग मैदा, मग भात, मग तेल, आता फ्रिजवर "चांगलं" आणि "वाईट" अशा दोन याद्याच लावल्यात. रविवारी सगळे मिसळ खायला जातात तेव्हा मी घरून काकडी-मोडाचा डबा नेते. आणि आठवड्यातून दोनतीनदा रात्री सगळे झोपले की ओट्यापाशी उभी राहून चिवडा, मुलाची बिस्किटं, ब्रेड-जॅम, जे हाताला लागेल ते खाते, थांबताच येत नाही. दुसऱ्या दिवशी फक्त ताक. नवरा म्हणतो मन घट्ट कर, मैत्रीण म्हणते हा आजार आहे. खरं काय?

सातपूरचा_सचिन
ताई राग मानू नका पण नवरा बरोबर बोलतोय. साखर म्हणजे दारूसारखी, एक घोट घेतला की संपलं. मी चार वर्षं झाली गोडाला शिवलो नाही. साधा उपाय सांगतो, घरात आणूच नका, डबाच नसेल तर रिकामा काय करणार. मुलाला पण बिस्किटं कशाला हवीत.

प्रशांत_इंदिरानगर
१६ तासांचा उपास सुरू करा, दुपारी १२ ते रात्री ८ एवढंच खायचं. रात्री ८ नंतर तोंड बंद म्हणजे प्रश्नच मिटला. माझं पोट तीन महिन्यांत आत गेलं.

सिडको_मानसी
प्रशांत, त्यांनी पोट कमी कसं करू असं विचारलंच नाहीये, परत वाचा. आणि आपल्याकडे म्हण आहेच ना, एकादशी अन् दुप्पट खाशी. ज्या बाईला रात्री थांबता येत नाही तिला अजून उपास सांगताय.

आहारतज्ज्ञ_गंगापूररोड
नीताताई, आधी एकच विचारते. ज्या रात्री असं झालं त्या दिवशीचं सकाळपासूनचं खाणं वेळेसकट लिहाल का? कॅलरी नकोत, वजन नको, फक्त काय आणि किती वाजता.

नीता_पाथर्डीफाटा
परवाचं लिहिते. सकाळी ७ ला काळी कॉफी आणि दोन अंड्यांचा पांढरा भाग. साडेबाराला मोडाची कोशिंबीर, वाटीभर वरण, पोळी नाही. ४ ला ऑफिसात वाढदिवसाचा केक होता, सगळ्यांनी आग्रह केला म्हणून एक तुकडा खाल्ला आणि तेव्हाच मनात आलं की आज मोडलंच. ८ ला प्रायश्चित्त म्हणून नुसतं दुधी भोपळ्याचं सूप. ११ ला डबे.

आहारतज्ज्ञ_गंगापूररोड
आता हे असं बघा. तुम्ही ११ वाजताचा प्रसंग धरून बसलाय आणि सगळा दोष त्याच्यावर टाकताय, पण तो सकाळी ७ लाच सुरू झालाय. दिवसभरात पोळी नाही, भात नाही, तेल जवळजवळ नाही, आणि साडेबारानंतर धड जेवणच नाही. रात्री ११ ला तुमचं शरीर भुकेलं असणारच, त्यात मनाचा काय संबंध. बरं, भूक लागली की अंगाला काकडी आठवत नाही, पटकन ताकद देणारं गोड आणि तळलेलंच आठवतं, आणि तुमच्या "वाईट" यादीत नेमकं तेच आहे.

दुसरी गोष्ट ४ वाजताची. एक तुकडा केक खाऊन काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं ते "मोडलंच" या शब्दाने. हे आपल्या सोवळ्यासारखं झालंय, एक बोट लागलं की सगळं ओवळं, मग आता बाटलोच आहोत तर खाऊन घेऊ, उद्यापासून परत सोवळं. यावर 1975 मध्ये हर्मन आणि मॅक यांनी एक प्रयोग केला होता. काही मुलींना आधी मिल्कशेक दिलं आणि मग आईस्क्रीम चाखायला बसवलं. ज्या खाण्यावर ताबा ठेवणाऱ्या नव्हत्या त्यांनी शेकनंतर आईस्क्रीम कमी खाल्लं, पोट भरलं होतं ना. ज्या डाएटवाल्या होत्या त्यांनी शेकनंतर उलट जास्त खाल्लं. म्हणजे नियम जेवढा कडक तेवढा तो मोडल्यावरचा कोसळ मोठा.

आणि तिसरी गोष्ट दुसऱ्या दिवशीचं ताक. ते तुम्हाला शिक्षा वाटतं, प्रत्यक्षात ती पुढच्या वेळेची तयारी असते. चाक तिथूनच परत फिरायला लागतं.

सातपूरचा_सचिन
मॅडम तुमचा अनुभव मान्य. पण मग असंच म्हणायचं का की इच्छाशक्ती नावाची गोष्टच नाही? माणूस भुकेला राहू शकतो. आमच्या आजीने आयुष्यभर चातुर्मास केला, तिने कधी रात्री डबे नाही उघडले.

आहारतज्ज्ञ_गंगापूररोड
सचिन, आजीला उपास सोडायचा दिवस माहीत होता, आणि साबुदाणा, वरई, शेंगदाण्याची आमटी हे सगळं होतं तिच्या ताटात. वजन काट्यावर बघून ती उपास करत नव्हती. नीताताईंचा उपास सव्वा वर्ष सुटलेलाच नाही.

इच्छाशक्तीचंच सांगते. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटात अॅन्सेल कीज यांनी 36 तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, युद्धानंतर उपाशी लोकांना परत कसं खाऊ घालायचं हे समजून घ्यायला. सगळे निरोगी, मनाने भक्कम म्हणून तपासून निवडलेले, स्वतःहून आलेले. महिन्या-दोन महिन्यात ही मुलं दिवसभर जेवणाबद्दलच बोलायला लागली, काहींनी पाककृतींची पुस्तकं जमवायला सुरुवात केली, ताटं चाटून पुसायची. आणि प्रयोग संपून खायला मिळाल्यावर काही जण पोट फुटेस्तोवर खाऊनही भूकच आहे म्हणत राहिले. यातलं कोणी डाएटसाठी आलं नव्हतं, कोणाला चिवड्याचं व्यसन नव्हतं. उपाशी ठेवलं की माणसाचं डोकं अन्नाभोवतीच फिरायला लागतं, एवढं त्यातून दिसतं. साखरेचं व्यसन म्हणतात त्यावर अजून वाद आहे, पण उंदरांवरचे जे प्रयोग लोक पुरावा म्हणून देतात त्यात सुद्धा उंदरांना आधी तासन् तास उपाशी ठेवलेलं असतं, हे सांगायचं राहून जातं.

तुमचं एक मात्र बरोबर आहे, सुरुवातीचे काही आठवडे मोठमोठे डबे ओट्यावर नसले तर बरंच. पण कायमचं घराबाहेर ठेवणं म्हणजे यादीच परत लावणं.

पंचवटीचे_काका
मला ११ वर्षं शुगर आहे. तुमच्या बोलण्यावरून वाटतं चांगलं वाईट अन्न नसतंच, मग मी जिलबी खाऊ का? डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे. अशा सल्ल्याने लोक मरतील.

आहारतज्ज्ञ_गंगापूररोड
काका, तुमचं पथ्य वेगळं आहे आणि ते पाळाच. पथ्याला कारण असतं, प्रमाण असतं, आणि एखादा लाडू खाल्ला तर पुढच्या जेवणात पोळी-भात बघून घेता, रात्रभर स्वतःला शिक्षा करत नाही. पण तुम्हाला पण एक सांगते, इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असताना जेवण चुकवलं तर शुगर धाडकन खाली येते, घाम, थरथर, आणि मग माणूस जे दिसेल ते खातो. तेव्हा शुगरच्या माणसानेही उपाशी राहायचं नसतं.

सिडको_मानसी
मी यातून गेले आहे म्हणून लिहिते, नीताताई तुम्हाला उपयोग होईल. सहा वर्षं हेच केलं. मला समुपदेशकाने सांगितलेलं पहिलं काम वजन किंवा गोड याबद्दल नव्हतंच. तीन जेवणं आणि मधली दोनतीन खाणी, दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही, भूक असो नसो. आणि सगळ्यात अवघड नियम, रात्री कितीही खाल्लं असलं तरी सकाळी नेहमीचा नाश्ता करायचाच. पहिले दोन आठवडे मला रोज वाटायचं मी फुगत चालले, काटा माळ्यावर टाकायला लागला. तरी तीन वेळा रात्री परत झालं. चौथ्या आठवड्यात लक्षात आलं की आठ दिवस झाले नाहीये.

मग "वाईट" यादीतलं एकेक परत आणलं, सगळ्यात सोपं आधी. माझं पहिलं होतं बटाट्याची भाजी. दुपारी जेवणातच, ताटात, बसून, कोणाबरोबर तरी. भूक मारून नाही आणि एकटीने उभ्याने तर अजिबात नाही. शेव मात्र अजून घरात मोठा पुडा आणत नाही, पाव किलो आणला की मला त्याच्याकडे बघावंसं वाटत राहतं. हे कधी जाईल माहीत नाही.

प्रशांत_इंदिरानगर
मग मी १६ तासांचं सोडायचं का? मला तर काही त्रास नाही.

सिडको_मानसी
त्रास नसेल तर तुमचा प्रश्न वेगळा. पण एखाद्या लग्नात सव्वाआठला जेवायला बसावं लागलं आणि छातीत धडधडलं तर लक्ष ठेवा.

सातपूरचा_सचिन
माझं तसं होतं. मागच्या महिन्यात बहिणीच्या लग्नाच्या पंगतीत श्रीखंड वाढलं, मी ताट सारून उठलो. आई रडली. मी तो माझा विजय समजत होतो. आजार आहे का नाही ते सांगा आता.

आहारतज्ज्ञ_गंगापूररोड
सचिन, हे लिहिलंत ते बरं केलंत. शुद्ध खाण्याच्या अट्टहासाला 1997 मध्ये ब्रॅटमन नावाच्या डॉक्टरने ऑर्थोरेक्सिया म्हटलं, पण मानसोपचाराच्या अधिकृत पुस्तकात तो अजून स्वतंत्र आजार म्हणून नाही. त्यामुळे शिक्का मारण्यापेक्षा मी हे बघते की नियमामुळे पंगत, सण, माणसं सुटायला लागली का, आणि नियम मोडला तर दिवस वाया गेल्यासारखं वाटतं का.

नीताताईंचं ताबा सुटून खाणं आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने चालू असेल तर त्याला मात्र डॉक्टर नाव देतात, आणि त्यावर उपचार आहेत. प्रत्येकाचं असं खाणं उपाशी राहण्यातूनच सुरू होतं असंही नाही, काहींचं आधी रात्रीचं खाणं सुरू होतं आणि डाएट नंतर येतं, म्हणून समोरासमोर बोलणं बरं. खाल्ल्यावर उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या, चक्कर, पाळी बंद, यातलं काही असेल तर मात्र वाट बघू नका, उलट्या-जुलाबाने पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. सरकारची टेली मानस हेल्पलाइन 14416 आहे, मराठीत बोलता येतं.

नीता_पाथर्डीफाटा
उलट्या वगैरे नाहीत, पाळी दोन महिने आलेली नाही. मी तपासून घेते. आज ४ ला पोळी-भाजीचा रोल खाल्ला, ऑफिसात सगळ्यांसमोर, हात थरथरत होता. नवऱ्याला हा धागा वाचायला दिलाय, अजून काही बोलला नाही. यादी काढायला मात्र हात होत नाही.

आहारतज्ज्ञ_गंगापूररोड
राहू द्या फ्रिजवर. पाळीचं या आठवड्यातच दाखवा, प्रेग्नन्सीची तपासणीही करून घ्या. आणि उद्या ४ ला परत काहीतरी खा.