गार्ड ठेवा, कॅमेरा हलवा

> रिव्ह्यू व्हिडिओसाठी कंपनीने अँगल ग्राइंडर पाठवलाय. गार्डमुळे चकती नीट दिसत नाही, काढून शूट केलं तर चालेल का?

अजिबात नको. चकती फुटली तर तुकडे तिच्याच फिरण्याच्या रेषेत सुटतात, म्हणून तुम्ही आणि कॅमेरा दोघंही बाजूला. चकतीवर छापलेला आरपीएम मात्र अगदी जवळून दाखवा. मशीन ११,००० आरपीएमचं असेल तर चकतीवरचा आकडा त्याहून कमी नको. मी एकदा न बघता जुनी, ओल धरलेली चकती लावली. कडेचा टवका थेट गॉगलवर आला, ओरखडा अजून आहे.

मशीन फुकट मिळालंय हे सुरुवातीलाच बोलून टाका, वर्णनात तळाशी लपवू नका. आणि करारात दोष न दाखवण्याचं कलम असेल, तर (मी तरी) मशीन परत पाठवीन.