‘कृपया पुन्हा प्रयत्न करा’ यातलं काय कापायचं आणि काय ठेवायचं?

अनुस्वार
अ‍ॅपमध्ये ओळखपत्राचा फोटो चढवायची एक स्क्रीन आहे. तिच्यावर आत्ता असा मजकूर आहे:
बटण: ‘निवडलेला फोटो सर्व्हरवर अपलोड करण्यासाठी येथे दाबा’
चूक झाल्यास: ‘फोटो अपलोड करताना त्रुटी आली आहे. कृपया काही वेळाने पुन्हा प्रयत्न करा.’
बटणाशेजारच्या खुणेवर टूलटिप: ‘कमाल आकार 5 एमबी. केवळ जेपीजी व पीएनजी स्वरूप स्वीकारले जाईल.’
मला बटणावर ‘अपलोड’, चुकीला ‘त्रुटी! पुन्हा प्रयत्न करा’ असं ठेवायचं आहे आणि टूलटिप काढूनच टाकायची आहे. पहिल्यांदा अ‍ॅप उघडणाऱ्याला एवढ्यावर कळेल का?

सुटसुटीत
कळेल. स्क्रीनवरचा मजकूर लोक वाचत नाहीत, नजर फिरवतात. बटणावर एकच शब्द आणि तोही 12 अक्षरांच्या आत. ‘येथे दाबा’ तर कुठल्याच बटणावर नको, बटण दाबायचंच असतं. ‘कृपया’ही काढा. टूलटिपचं म्हणाल तर जी माहिती लपवून ठेवता येते तिची गरज नसते.

मूळरूप
‘येथे दाबा’ आणि ‘कृपया’ यांबद्दल सहमत. बाकीच्याला माझा विरोध आहे, आणि सगळ्यात जास्त चूक-संदेशाच्या बाबतीत.

अनुस्वार, लांबी मोजण्याआधी हा संदेश नेमका कधी येतो ते बघा. 5 एमबीची मर्यादा ओलांडली की सर्व्हर 413 हा कोड परत देतो. त्याचा अर्थ ‘पाठवलेला मजकूर फार मोठा आहे’. अशा वेळी ‘काही वेळाने पुन्हा प्रयत्न करा’ हे वाक्य लांब आहे ही अडचणच नाही, ते खोटं आहे. तोच 8 एमबीचा फोटो उद्या पाठवला तरी परत येणार. नवीन माणूस मात्र सांगितल्याप्रमाणे पुन्हा पुन्हा दाबत राहतो आणि शेवटी अ‍ॅप बिघडलंय असं समजून बंद करतो. तुम्ही सुचवलेल्या छोट्या रूपात हे खोटं तसंच राहिलंय, फक्त आटोपशीर झालंय.

आधी एका संदेशाचे तीन करा:

फोटो मोठा असेल तर: ‘हा फोटो 8 एमबीचा आहे. 5 एमबीपर्यंतचा निवडा.’
प्रकार चालत नसेल तर: ‘ही फाइल फोटो नाही. फोटो निवडा.’
इंटरनेट तुटलं तर: ‘इंटरनेट तुटलं. फोटो पोहोचला नाही. पुन्हा पाठवा.’

तिन्ही वाक्यं मूळच्यापेक्षा छोटी आहेत आणि प्रत्येकात पुढे काय करायचं ते आहे. ‘पुन्हा’ हा शब्द फक्त तिसऱ्यात आलाय, कारण तिथेच पुन्हा केल्याने फरक पडतो. ‘त्रुटी’ कुठेच नाही. काहीतरी अडलंय हे माणसाला दिसतंच आहे.

रेघोट्या
मजकूर मावत नाही हाच प्रश्न असेल तर फॉन्ट 14 वरून 11 करा. आमच्या स्क्रीनवर मी हेच केलंय. शब्द कापायची गरज पडत नाही.

मूळरूप
प्रश्न मावण्याचा नाही, समजण्याचा आहे. शिवाय देवनागरीत फॉन्ट उतरवला की पहिला फटका अनुस्वार, रफार आणि उकाराला बसतो. फॉन्टबरोबर ओळीची उंचीही फार उतरवली तर वरची वेलांटी नाहीतर खालचा उकार कापला जातो. बटणाला दोन ओळी होऊ द्या, ते परवडतं.

12 अक्षरांच्या नियमाबद्दल: अक्षरं मोजणार कोण? प्रोग्राममध्ये ‘नोंदणी’ची लांबी 6 येते, डोळ्यांना 3 अक्षरं दिसतात. असा नियम कोडमध्ये लावला की मराठी शब्द विनाकारण नापास होतात. रुंदी सर्वांत अरुंद स्क्रीनवर प्रत्यक्ष बघावी.

सुटसुटीत
मोजणीचं मान्य. पण बटणावर एक शब्द, यावर मी ठाम आहे. ‘अपलोड’ सगळ्यांना माहीत आहे.

काना_मात्रा
‘अपलोड’ ऐकलेला असतो, पण या बटणाने आता काय होणार ते त्यातून कळत नाही. फोनमधले फोटो उघडणार, की निवडलेला फोटो जाणार? इथे खरं तर दोन पायऱ्या एकाच बटणात कोंबल्या आहेत. फोटो निवडेपर्यंत बटणावर ‘फोटो निवडा’ आणि निवडल्यावर ‘हा फोटो पाठवा’ असं ठेवा. एक-दोन शब्द वाढतात, पण शंका राहत नाही. क्रियापद आणि कशावर ते नाम, ही जोडी मी तोडणार नाही.

आणि टूलटिपमधली माहिती लपवण्यासारखी नाहीच. फोनवर माउस नाही, त्यामुळे टूलटिप दिसायला बोट दाबून धरावं लागतं. पहिल्यांदा आलेला माणूस ते करत नाही. म्हणून टूलटिप काढा, पण ‘5 एमबीपर्यंत’ हे दोन शब्द बटणाखाली कायम दिसू द्या. ‘जेपीजी व पीएनजी’ मात्र जाऊ द्या. आपला फोटो कोणत्या प्रकारचा आहे हे बहुतेकांना माहीत नसतं. आयफोनचे फोटो तर बहुधा एचईआयसी प्रकारात साठलेले असतात. ते अ‍ॅपने स्वतः बदलून घ्यावेत.

एक धोका: जुना लांब मजकूर ‘फुकट जायला नको’ म्हणून `aria-label` या न दिसणाऱ्या नावात टाकू नका. दिसणारा मजकूर ‘हा फोटो पाठवा’ आणि आतलं नाव ‘निवडलेला फोटो सर्व्हरवर अपलोड करा’ असं झालं, की आवाजाने अ‍ॅप चालवणारा माणूस दिसतं ते बोलतो आणि बटण दाबलं जात नाही. डब्ल्यूसीएजी या सुलभतेच्या नियमावलीतला 2.5.3 हा निकष यासाठीच आहे.

अनुस्वार
मोठ्या फोटोचा संदेश मी वेगळा केला. चाचणीत 2 एमबीचा फोटोही अडला, आणि संदेश जुनाच दिसला!

मूळरूप
अ‍ॅपच्या सर्व्हरपुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर तिथे बघा. काही लिहिलं नसेल तर त्याची मर्यादा 1 एमबी असते. तो विनंती अ‍ॅपच्या सर्व्हरपर्यंत जाऊच देत नाही, आणि 413 सोबत स्वतःचं एचटीएमएल पान पाठवतो. अ‍ॅप त्यात जेसन शोधतं, सापडत नाही, म्हणून सरसकट संदेश दाखवतं. संदेश मजकुरावरून नाही, कोडवरून निवडा, आणि ही ओळ घाला:

```
client_max_body_size 6m;
```

5 नाही, 6. फोटोबरोबर फॉर्मचा थोडा मजकूरही जातो, त्यामुळे बरोबर 5 एमबीचा फोटो 5 च्या मर्यादेत अडकतो. आणि खरं तर आकार फोनवरच तपासा, म्हणजे आख्खा फोटो पाठवून झाल्यावर नकार ऐकावा लागणार नाही.

सुटसुटीत
मग फोनवरच फोटो लहान का करू नये? संदेशच नको, मर्यादेची ओळही नको. सगळ्यात छोटा मजकूर म्हणजे नसलेला मजकूर.

काना_मात्रा
साध्या फोटोला चालेल. ओळखपत्रावरची बारीक अक्षरं दाबून लहान केल्यावर वाचता येत नाहीत, आणि मग नकार तपासणाऱ्या माणसाकडून दोन दिवसांनी येतो. लहान करायचाच तर पाठवण्याआधी तोच फोटो मोठा करून दाखवा आणि विचारा: ‘अक्षरं वाचता येतात का?’

सुटसुटीत
म्हणजे एक संदेश काढून एक प्रश्न वाढवला. मला हे पटत नाही.

अनुस्वार
एनजिनएक्समध्ये खरंच काही लिहिलेलं नव्हतं. आता 2 एमबीचा जातो आणि 8 एमबीच्या फोटोला नवीन संदेश येतो. बटणं ‘फोटो निवडा’ आणि ‘हा फोटो पाठवा’ अशी केली. ‘पाठवा’ वाचून कोणाला फोटो दुसऱ्या माणसाला जाईल असं वाटेल का, ही शंका आहे. पाच नवीन लोकांना स्क्रीन दाखवून ‘हे दाबल्यावर काय होईल?’ एवढंच विचारणार आहे, ‘कळलं का?’ नाही. फोटो लहान करण्याचं तूर्त बाजूला ठेवतो.