मदत हवी आहे: फ्लोराइडचं पोस्टर मराठीत करताना आकृत्या अडल्यात

विहीरशोध: कॉन्फरन्सचं पोस्टर तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मराठीत लावायचंय. मजकूर कापतोय पण आकृत्यांतली अक्षरं फुटतायत, 'विंधन'ची वेलांटी भलतीकडे आणि 'फ्लोराइड'मधला फ आणि ल सुटे. शुक्रवारी छापायला द्यायचंय, पटकन सांगा.

मीनल_के: आकृत्या कशात काढल्यात? आणि बघणार कोण?

विहीरशोध: मॅटप्लॉटलिबमध्ये. शाळेची मुलं आणि गावकरी. मुख्य आकृती बॉक्स प्लॉट, साध्या विहिरी विरुद्ध बोअर.

छपाईवाला: सरळ कोरल घ्या आणि श्रीलिपीत टाइप करा, आम्ही कायम तेच करतो.

मीनल_के: दादा, दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की सगळा मजकूर चिन्हांचा होतो, युनिकोडच बरं. विहीरशोध, मॅटप्लॉटलिब सहसा जोडाक्षरं जुळवत नाही, म्हणून मजकूर मजकूरच ठेवून सेव्ह करा:

```
plt.rcParams['svg.fonttype'] = 'none'
plt.savefig('fig1.svg')
```

मग इंकस्केपमध्ये उघडून फॉन्ट मुक्ता करा, अक्षरं नीट जुळतात. शेवटी मजकुराचे पाथ करून पीडीएफ द्या म्हणजे छापखान्यात फॉन्ट नसला तरी चालतं.

आणि बॉक्स प्लॉट काढूनच टाका, पेटी आणि मिशा म्हणजे काय ते समजावण्यातच जागा जाते. प्रत्येक विहीर एक ठिपका, डावीकडे साध्या, उजवीकडे बोअर, आणि 1.5 मिलिग्रॅम प्रति लिटरवर एक लाल आडवी रेष. 'फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय' वगैरे सगळं कापा, आकृतीवर मोठ्या अक्षरात लिहा 'आमच्या नमुन्यांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त'. रेषेच्या वर किती ठिपके ते मुलंच मोजतील.

छपाईवाला: पाथ करायचं म्हणता ते बरोबर, ते केलं तर श्रीलिपीही चालते की!

मीनल_के: छापायला चालते हो, पण पुढच्या वर्षी मजकूर बदलायचा झाला तर काय?

सुनिता_मास्तरीण: लाल रेष 1 वर हवी ना? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 1 च आहे.

मीनल_के: त्यात दोन्ही आहेत. 1 ही स्वीकार्य मर्यादा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. दोन रेषा काढल्या तर गोंधळ होईल.

सुनिता_मास्तरीण: पण लहान मुलांचे दात खराब होतात त्या गावात 1.5 ची रेष दाखवून 1.3 वाल्याला निश्चिंत करायचं का? मला नाही पटत.

बोअरवाला: आमच्याही बोअरला फ्लोराइड निघालं, पाणी उकळून प्यावं का?

मीनल_के: उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटलं की उलट प्रमाण वाढतं. तपासणी करून घ्या आणि तोवर प्यायला दुसरं पाणी बघा.

विहीरशोध: हा प्रश्न प्रदर्शनातही नक्की येणार, 'पद्धती'चा सगळा रकाना काढून तिथे हेच लिहितो. अक्षरं जुळली इंकस्केपमध्ये, पण रेष 1 वर की 1.5 वर ते अजून ठरत नाहीये, आणखी कोणी सांगेल का?